बाबांना स्टेंटनंतर 'गाऊटची गोळी' का दिली असेल? (कोल्चिसिन)

सुप्रिया_शाहूपुरी

बाबांचं वय ६४. चौदा महिन्यांपूर्वी इथेच कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हापासून पथ्यपाणी व्यवस्थित, रोज सकाळी रंकाळ्याला फेरी. एलडीएल १२८ होतं ते ५२ वर आलंय. परवा फेरतपासणीला गेलो, तर डॉक्टर म्हणाले, "कोलेस्टेरॉल झकास आहे, पण सूज अजून आहे," आणि कोल्चिसिन ०.५ रोज एक अशी गोळी वाढवली.

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं, "काकांना गाऊट झाला काय?" झालं! बाबांनी गोळी घेतलीच नाही. म्हणतात, डॉक्टरनं दुसऱ्याच पेशंटचं औषध मला लिहिलं.

सूज मोजणारं एचएस-सीआरपी ४.६ आलं, दोन आठवड्यांनी पुन्हा केलं तर ३.९. किडनीचं क्रिएटिनिन १.३. बाकी गोळ्या: ॲस्पिरिन ७५, रोसुवास्टॅटिन २०, इझेटिमाइब १०, टेल्मिसार्टन ४०, डिल्टियाझेम ९० आणि पोटाची एक. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हेही सांगून ठेवते. कोलेस्टेरॉल खाली आलंय, मग सूज कसली? आणि ही गोळी कुणी हृदयासाठी घेतली आहे का?

गंगावेसवाला

ताई, आधी युरिक ॲसिड तपासा. आमच्या थोरल्या भावाच्या पायाचा अंगठा असा सुजलेला की चादर लागली तरी बोंब. डॉक्टरनं पहिलं काय बंद केलं असंल तर पांढरा रस्सा. कोल्हापुरात राहून पांढरा रस्सा बंद म्हणजे जन्मठेपच की! तर ही गोळी त्याचीच. बाबांना अंगठा दाखवायला सांगा.

सुप्रिया_शाहूपुरी

दादा, अंगठा ठणठणीत आहे. प्रश्न हृदयाचा आहे. :)

नभा

मी मेडिसिनमध्ये आहे. कार्डिऑलॉजिस्ट नाही, पण असे पेशंट रोज बघते. चूक झालेली नाही, बाबांना निश्चिंत करा.

रक्तवाहिनीच्या भिंतीत जो थर साठतो तो भांड्याला चिकटलेल्या तुपासारखा निर्जीव नसतो. कोलेस्टेरॉलचे स्फटिक भिंतीत रुतले की पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून जातात, आणि तिथे धुमसत राहतं. ॲटॅक बहुतेकदा थर वाढून नळी बुजल्यामुळे येत नाही. त्या धुमसण्यानं थरावरचं आवरण पातळ होऊन फाटतं आणि तिथे गुठळी धरते, म्हणून येतो. स्टॅटिन आणि इझेटिमाइब सरपण कमी करतात, धग विझतेच असं नाही. बाबांचं एलडीएल ५५ च्या खाली आणि एचएस-सीआरपी दोन्ही वेळा २ च्या वर, म्हणजे नेमकी हीच स्थिती.

कोल्चिसिन त्या पांढऱ्या पेशींचा आतला सांगाडा जुळू देत नाही, त्यामुळे त्यांची धावाधाव मंदावते. गाऊटमध्येही हेच घडतं, तिथे स्फटिक युरिक ॲसिडचे असतात. त्यामुळे गंगावेसवाला अगदीच चुकले नाहीत, सांधा सोडून शिरेत शिरायला हवं होतं एवढंच.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या लोडोको-२ चाचणीत स्थिर हृदयरोगाचे ५,५२२ पेशंट होते, बहुतेक सगळे स्टॅटिनवर. निम्म्यांना रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन, निम्म्यांना दिसायला तशीच रिकामी गोळी. साधारण अडीच वर्षांत हृदयाशी निगडित मृत्यू, ॲटॅक, स्ट्रोक किंवा रक्तपुरवठा कमी पडला म्हणून स्टेंट-बायपास यांतलं काही ना काही कोल्चिसिनवाल्यांपैकी ६.८ टक्क्यांना झालं, दुसऱ्या गटात ९.६ टक्क्यांना. अमेरिकेत २०२३ पासून ही अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी हृदयासाठी अधिकृतपणे मंजूर आहे.

गंगावेसवाला

मॅडम, म्हणजे अंगठ्यातला राक्षस आणि काळजातला राक्षस चुलतभाऊच म्हणायचे.

शंकासुर

नभाताईंनी एक बाजू सांगितली, आता दुसरी. ६.८ आणि ९.६ म्हणजे शंभर माणसांनी अडीच वर्षं गोळी खाल्ली तर तिघांचं काहीतरी टळलं. उरलेल्या ९७ जणांना ना नफा. शिवाय त्याच चाचणीत एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. ७३ विरुद्ध ६०, आणि ७३ कोल्चिसिनच्या बाजूला. हे कुणी बोलत नाही.

आणि २०२४ ची क्लिअर सिनर्जी चाचणी? ७,०६२ पेशंट, ॲटॅक आल्यावर लगेच गोळी सुरू. निकाल ९.१ टक्के विरुद्ध ९.३. म्हणजे शून्य. मग कशाला एक गोळी वाढवायची?

नभा

@शंकासुर, आकडे बरोबर आहेत. त्यांचा अर्थ लावताना मात्र थोडं थांबू या.

मृत्यूंचं आधी. हृदयाखेरीज इतर कारणांचे मृत्यू कोल्चिसिनच्या गटात जास्त दिसले. तो फरक योगायोगानं पडण्याइतका लहान होता, पण दुर्लक्ष करण्याइतकाही लहान नव्हता. 'आयुष्य वाढवणारी गोळी' असं मी पेशंटला कधीच सांगत नाही. 'पुढचा ॲटॅक किंवा पुन्हा स्टेंट टळण्याची शक्यता थोडी वाढते,' एवढंच सांगते.

क्लिअर सिनर्जीतले पेशंट मोठा ॲटॅक येऊन ताजी अँजिओप्लास्टी झालेले. लोडोको-२ मधले निवांत, बाबांसारखे. शिवाय क्लिअर सिनर्जीचा बराच काळ कोविडमध्ये गेला. त्याआधी २०१९ च्या कोलकॉटमध्ये मात्र ॲटॅकनंतर महिन्याभरात गोळी सुरू करून फायदा दिसला होता, ५.५ विरुद्ध ७.१ टक्के. म्हणजे ताज्या ॲटॅकच्या बाबतीत दोन मोठ्या चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून बसल्यात, आणि मलाही त्यांची समजूत काढता आलेली नाही. बाबा त्या गटात नाहीत. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्थिर पेशंटसाठी 'विचार करावा' असं आहे, अमेरिकेच्या २०२३ च्या सूचनांत त्याहून सौम्य. 'द्यायलाच हवी' असं कुणीच म्हणत नाही.

शंकासुर

'द्यायलाच हवी' असं कुणी म्हणत नाही, हेच ऐकायचं होतं. मी विरोधात नाही, पण फायदा शंभरात तिघांचा हे घरच्यांना आधी कळलं पाहिजे.

मावळतीचा_पांथस्थ

मी घेतो. वय ५९, दोन स्टेंट, दीड वर्षापासून अर्धा मिलिग्रॅम. पहिले दहा दिवस सांगण्यासारखे नाहीत. सकाळी फिरायला निघालो की बिंदू चौकापर्यंत पोचण्याआधी माघारी. गोळी सोडायचा विचार केला होता. डॉक्टरांनी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली, तिसऱ्या आठवड्यात बसलं आपोआप. आमच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एकाचं बसलंच नाही, त्यानं सोडली.

एक गंमत. माझं सीआरपी एका लॅबनं '६ पेक्षा कमी' असं दिलं, मी खूश. डॉक्टर म्हणाले, हे साधं सीआरपी, न्यूमोनिया शोधायला ठीक, इथे उपयोग नाही. एचएस वेगळं मागावं लागतं. ते केलं तर ३.२. पैसे दोनदा गेले.

नभा

@पांथस्थ, तुमच्या मित्रासारखे बरेच असतात. लोडोको-२ मध्ये सगळ्यांना आधी महिनाभर खरी गोळी देऊन बघितलं होतं. सुमारे १५ टक्के लोक तिथेच गळले, जास्त करून पोटामुळे. पुढचे आकडे ज्यांना गोळी सोसली त्यांचेच आहेत, हे शंकासुरांनी आपल्या यादीत घालावं.

सीआरपीबद्दल अजून एक. सर्दी, दाढ, चिकुनगुनिया, कशानंही ते चढतं. सुप्रियाच्या बाबांचं दोन आठवड्यांनी पुन्हा केलं ते योग्य झालं. खरं तर लोडोको-२ मध्ये पेशंट निवडताना सीआरपी बघितलंच नव्हतं. त्यामुळे 'सीआरपी २ च्या वर असेल तरच कोल्चिसिन' असा काही नियम नाही, डॉक्टर त्याचा आधार घेतात इतकंच.

हळदीपिवळी

सूज कमी करायची तर हळद-मिरी घ्या, जवस घ्या. हजार वर्षांचं ज्ञान सोडून परदेशी गोळ्या कशाला? आणि गोळीच घ्यायची तर सूज उतरवणाऱ्या साध्या गोळ्या आहेतच की, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन. माझे मिस्टर गुडघ्यासाठी रोज एक घेतात. त्यांचं हृदयही सांभाळलं जात असणार ना?

औषधी_अण्णा

ताई, कृपा करून ती रोजची गोळी आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. राजारामपुरीत ३४ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा होतो, म्हणून आगाऊपणा करतोय.

'सूज उतरवणारी' हे दोन्हींना म्हणतात, पण काम निराळं. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन वगैरे वेदनाशामक गोळ्यांनी हृदयाचा धोका उलट वाढतो. रोफेकॉक्सिब नावाची याच कुळातली गोळी २००४ साली कंपनीनं जगभरातून मागं घेतली, ती हार्ट ॲटॅकमुळेच. ब्रुफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही आडवी येते. आणि रोज घेतल्यानं किडनीवर ताण. किडनी मंदावली की कोल्चिसिन अंगात साठायला लागतं. म्हणजे स्टेंटवाल्याला कोल्चिसिन चालू असताना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

हळद भाजीत घाला, तिच्याशी माझं भांडण नाही. 'परदेशी' मात्र म्हणू नका. कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या बियांतूनही काढतात. तमिळनाडूत तिची शेती होते, त्यांचं ते राज्यफूल आहे. श्रावणात पन्हाळ्याच्या वाटेवर कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली दिसते तीच.

गंगावेसवाला

कळलावी?? आमच्या गल्लीत तीन हैत. बिया कुठनं काढायच्या?

औषधी_अण्णा

हसलो. पण कुणी खरंच मुळी उकळून प्यायचं डोक्यात आणू नका. तिच्या कंदानं माणसं दगावलेली आहेत. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजून असतो, कंदात किती ते कंदालाही माहीत नसतं.

पंचगंगा७१

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे मामा, वय ७१. त्यांना खरंच गाऊट. कोल्चिसिन दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं. क्रिएटिनिन २.१ च्या आसपास. गेल्या पावसाळ्यात खोकला-ताप आला, जवळच्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दोनदा, सात दिवसांसाठी. गाऊटच्या गोळीबद्दल कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. आमच्या लेखी ती जुनी, किरकोळ गोळी होती.

तिसऱ्या दिवसापासून जुलाब. अँटिबायोटिकनं पोट बिघडलं असं समजून ताक-भात दिला. पाचव्या दिवशी मामा पाटावरून उठेनात. हातानं जमीन रेटायचे आणि पुन्हा बसायचे. आम्हाला वाटलं अशक्तपणा. सातव्या दिवशी ॲडमिट केलं तेव्हा पांढऱ्या पेशी १,४००. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली आणि दोन पाकिटं बाजूला काढली. म्हणाले, हे विष आहे आणि डायलिसिसनं निघत नाही, अंगातून उतरेपर्यंत सांभाळायचं. सतरा दिवस लागले. मामा वाचले, पण जिना चढायला अजून कठड्याचा आधार लागतो.

औषधी_अण्णा

हे वाचून काटा आला, कारण हीच जोडी आम्ही काउंटरवर शोधायचो.

कोल्चिसिन अंगातून बाहेर जायच्या दोन वाटा. एक लिव्हर-आतड्याची, एक किडनीची. क्लॅरिथ्रोमायसिन पहिली वाट बंद करतं. मामांची दुसरी वाट आधीच अर्धी बंद होती. मग रोजची गोळी रोज साठत गेली. बुरशीच्या इट्राकोनॅझोल-किटोकोनॅझोल गोळ्या आणि किडनी बदललेल्यांचं सायक्लोस्पोरिन याच यादीत येतात. ॲसिडिटीच्या जंतूसाठी जे किट देतात त्यातही बहुतेकदा क्लॅरिथ्रोमायसिन असतं, ते तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. त्याऐवजी अझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सीसायक्लिन डॉक्टर देऊ शकतात.

आता सुप्रियाताई, तुमची यादी मी परत वाचली आणि दोन ठिकाणी थांबलो. पहिलं, डिल्टियाझेम. क्लॅरिथ्रोइतकं कडक नाही, पण तेही तीच वाट अरुंद करतं आणि कोल्चिसिनची पातळी चढवतं. दुसरं, पेनिसिलिनची ॲलर्जी. ज्यांना पेनिसिलिन चालत नाही, त्यांना छातीला कफ झाला की डॉक्टरांचा हात क्लॅरिथ्रोकडे जायची शक्यता जास्त. गोळी सुरू करण्याआधी या दोन गोष्टी हृदयाच्या डॉक्टरांना सांगा. आपण आपलं काही बंद करू नका, डिल्टियाझेमही नाही.

नभा

अण्णा, सलाम. मी यादी वाचली होती आणि डिल्टियाझेम माझ्या नजरेतून निसटलं. कबूल करते.

किडनीचं मी हिशेब करून बघितलं. ६४ व्या वर्षी पुरुषाला क्रिएटिनिन १.३ म्हणजे गाळणक्षमता साधारण ६१. लोडोको-२ मध्ये ५० च्या खालचे घेतलेच नव्हते, म्हणजे बाबा आत बसतात, पण फार जागा शिल्लक नाही. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन बघा. गाळणक्षमता ३० च्या खाली गेली तर हृदयासाठी ही गोळी मी देत नाही. स्टॅटिन सोबत असल्यानं स्नायूंकडेही लक्ष. नुसतं अंग दुखणं वेगळं. मांड्या-खांद्यांत जोर राहिला नाही, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर आणि सीपीके तपासणी. पंचगंगांच्या मामांचं पाटावरून न उठणं हेच होतं.

शंकासुर

म्हणजे बघा, शंभरात तिघांचा फायदा, आणि त्यासाठी आयुष्यभर प्रत्येक नव्या चिठ्ठीवर पहारा. माझं मत अजून डळमळीतच आहे. आणि ती सूज उतरवायचं दुसरं काही नाही का? इंजेक्शनबद्दल वाचलं होतं.

नभा

कॅनाकिनुमॅब. २०१७ च्या कँटोस चाचणीत दहा हजारांवर पेशंटना तीन महिन्यांतून एकदा देऊन बघितलं. एलडीएल तसूभर हललं नाही, तरी ॲटॅक वगैरे सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. सूज हे निव्वळ लक्षण नाही, कारण आहे, हे तिथून पटलं. पण जंतुसंसर्गानं मृत्यू वाढले आणि इंजेक्शन अतिशय महाग, म्हणून हृदयासाठी ते आलंच नाही. संधिवाताचं मेथोट्रेक्सेटही कमी डोसमध्ये करून बघितलं, २०१८ ला निकाल आला: सीआरपी हललं नाही आणि फायदाही नाही. सूज उतरवणारं वाटेल ते औषध चालत नाही, योग्य वाट अडवणारंच लागतं. आज हातात परवडणारं आहे ते कोल्चिसिन. आणि शंकासुर, तुमच्यासारखा पेशंट 'नको' म्हणाला तर मी वाद घालत नाही. स्टॅटिनला 'नको' म्हणाला तर घालते.

मावळतीचा_पांथस्थ

हे बरं झालं लिहिलंत. आमच्या ग्रुपमध्ये एकानं कोल्चिसिन सुरू झाल्यावर रोसुवास्टॅटिन बंद केलं होतं, 'आता सुजेचं औषध मिळालं' म्हणून. तीन महिन्यांत एलडीएल १४० ला.

सुप्रिया_शाहूपुरी

सगळ्यांचे आभार. काल बाबांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले, अण्णांचे दोन्ही मुद्दे कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. डिल्टियाझेम जुन्या फॅमिली डॉक्टरांनी बीपीसाठी सुरू केलेलं, ते तसंच चालू राहिलं होतं. ते बदलून ॲम्लोडिपिन दिलं. आठवडाभर बीपी बघून मग कोल्चिसिन, रात्री जेवणानंतर. महिन्यानं क्रिएटिनिन आणि रक्तपेशी.

शंभरात तिघांचं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लॉटरीपेक्षा बरंय की."

हळदीपिवळी

मिस्टरांची डायक्लोफेनॅक बंद केली. चिडलेत. गुडघ्याला आता काय द्यायचं ते कुणी सांगेल का? वेगळा धागा काढू?

औषधी_अण्णा

काढा ताई, येतो तिकडे.

सुप्रिया_शाहूपुरी

दीड महिन्यानं अपडेट. पहिला आठवडा पोटाचा त्रास, आता ठीक. क्रिएटिनिन १.३ च, पेशी व्यवस्थित. बाबांनी व्हिजिटिंग कार्डाएवढा पुठ्ठा कापून त्यावर लाल पेनानं लिहिलंय: 'कोल्चिसिन चालू. क्लॅरिथ्रोमायसिन नको. पेनिसिलिन नको.' ते पाकिटात, बसच्या पासच्या मागे.

परवा खोकला झाला तेव्हा मोठ्या ऐटीत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल आहे म्हणाले, वाफ घ्या, अँटिबायोटिक नको. कार्ड दाखवायची वेळच आली नाही. बाबा अजून फुगून बसलेत.

गंगावेसवाला

काकांना म्हणावं गंगावेशीत या, कार्ड मी बघतो. येताना पांढऱ्या रश्शाचं तेवढं मॅडमना विचारून या.